जुन्या साहेबांना रेफरन्स मागताना मेलमध्ये काय लिहिलं

मी 2018 ते 2021 या काळात जळगावातल्या एका ठिबक कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते. पुढे धुळ्याला पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेत गेले. युरोपातल्या एका विद्यापीठात सिंचन विषयात मास्टर्स करायचं ठरवलं तेव्हा अर्जासोबत दोन शिफारसपत्रं मागितली होती. एक शिकवणाऱ्याचं आणि दुसरं ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांचं. पहिल्यासाठी राहुरीचे माझे प्रोजेक्ट गाईड होते. दुसऱ्यासाठी जळगावचे माझे मॅनेजर सोडून कोणाचं नाव मनातच आलं नाही, कारण शेतात उभं राहून माझं काम त्यांनीच पाहिलं होतं. पण त्यांनीही मधल्या काळात कंपनी सोडली होती आणि आता ते नाशिकला द्राक्षबागांसाठी सल्ला देतात.

नोव्हेंबरच्या शेवटी फोन केला. सर दिंडोरीच्या रस्त्यावर होते. लगेच म्हणाले, "देतो ना. तूच लिहून पाठव, मी सही करतो."

आपल्याकडे हे अगदी सर्रास चालतं आणि सांगणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो. वेळ नसतो, इंग्रजीत लिहायचा कंटाळा असतो आणि आपल्या माणसाचं काम अडू नये असं वाटत असतं. तरी मी सरांना नको म्हटलं. एक तर पत्र त्यांचं असायला हवं. मी लिहिलं तर ते माझंच मत त्यांच्या सहीखाली गेलं असतं. दुसरं, निवड समिती माझं स्वतःचं निवेदन आणि पत्र शेजारी ठेवून वाचते. दोन्हींत तीच वाक्यरचना, तेच शब्द आणि तीच उदाहरणं दिसली की अनुभवी वाचकाच्या लक्षात येतं, आणि मग चांगल्या पत्राचाही उपयोग राहत नाही. मी सरांना म्हटलं, "पत्र तुम्हीच लिहा, पण लिहायला बसाल तेव्हा काही शोधावं लागणार नाही एवढी तयारी मी करून देते."

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला फार उपयोगी पडलं. म्हणाले, "मुलं फक्त सीव्ही पाठवतात. मग मी काय करू? सीव्हीतलंच दुसऱ्या शब्दांत लिहितो. तो सीव्ही तर समोरच्याकडे आधीच असतो. तू मला आठवतेस, चांगली आठवतेस. पण काय आठवतं? चोपड्याकडचा तो शेतकरी चिडला होता आणि तू तिथे उन्हात बसून डबे लावत होतीस. साल विचारशील तर सांगता येणार नाही. शेवटी आकडा काय आला तेही नाही."

जुन्या मॅनेजरच्या स्मृतीत माणूस राहतो, एखादा प्रसंग राहतो, पण तारीख, आकडा आणि परिणाम निघून जातात. मेलमध्ये नेमकं तेच भरून द्यायचं. आपण किती कष्टाळू आहोत हे त्यांना सांगायची गरज नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. त्यांनी स्वतः पाहिलेली गोष्ट त्यांना पुन्हा स्पष्ट दिसेल एवढं आपण द्यायचं.

मेल लिहिण्याआधी मी एक प्रश्न मात्र विचारून घेतला. "सर, माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहिता येईल असं वाटतं का? नाहीतर मोकळेपणाने सांगा, मी दुसऱ्या कोणाला विचारते." हे विचारायला संकोच वाटतो, पण थंड शब्दांतलं पत्र अर्जाला जड जातं. "ती आमच्याकडे या काळात कामाला होती, वर्तणूक चांगली होती" एवढंच लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला उलटाच अर्थ सांगून जातं. सरांनी हो म्हटलं. मग मी मेल लिहायला बसले.

मेल मराठीत लिहिला, कारण आमचं बोलणं कायम मराठीतच झालं आहे. कोर्सचं नाव, विद्यापीठाचं नाव, माझं हुद्द्याचं नाव आणि तारखा एवढं मात्र इंग्रजीत, अर्जात होतं तसंच्या तसं दिलं. त्यांना ते उतरवून घेता यावं आणि अर्जातल्या नोंदीशी कुठे फरक पडू नये, म्हणून. सोबत कंपनीने दिलेलं अनुभव प्रमाणपत्र जोडलं. सीव्हीवर जून, प्रमाणपत्रावर जुलै आणि पत्रात "साधारण मे पासून" असं झालं तर वाचणाऱ्याला उगाच शंका येते.

सुरुवातीला कोर्स काय आहे आणि मला तो का हवा आहे हे चार वाक्यांत लिहिलं. त्यात एक वाक्य असं होतं: "सर, हा कोर्स संशोधनाचा कमी आणि शेतावरच्या पाणी व्यवस्थापनाचा जास्त आहे. त्यामुळे शेतात मोजमाप घेऊन निर्णय कसा घेतला, हे त्यांना पाहायचं आहे." सरांना हे कळणं महत्त्वाचं होतं. नाहीतर त्यांनी माझ्या डीलर ट्रेनिंगबद्दल लिहिलं असतं. तेही खरंच होतं, पण या वाचकांच्या कामाचं नव्हतं.

त्याखाली विद्यापीठाच्या फॉर्ममधले प्रश्न चिकटवले. उमेदवाराला किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता, तिने सोडवलेल्या एखाद्या अडचणीचं उदाहरण द्या, तिच्यासारखंच काम करणाऱ्या इतरांच्या तुलनेत ती कुठे बसते, आणि कशात सुधारणा हवी. तुलनेसाठी चौकटी होत्या, वरचे 5 टक्के, 10 टक्के, 25 टक्के अशा. त्यापैकी एकीवर खूण करायची होती.

या तुलनेच्या प्रश्नावर जुना मॅनेजर अडतो. तुलना कोणाशी करायची? त्यांनी आयुष्यात पाहिलेल्या सगळ्यांशी की त्या टीमशी? म्हणून मी लिहिलं, "तेव्हा जळगाव विभागात आपण बारा सर्व्हिस इंजिनिअर होतो असं मला आठवतं. चुकत असेन तर दुरुस्त करा." मी कितवी होते याबद्दल एक शब्दही लिहिला नाही. तो आकडा त्यांनी ठरवायचा. पण "बारा जणांत" एवढा आधार पत्रात आला की त्यांच्या खुणेला वजन येतं.

मग प्रसंग. मी दोनच दिले. जास्त दिले असते तर त्यांनी सगळ्यांवर एकेक ओळ लिहिली असती आणि एकही नीट उभा राहिला नसता. पहिला तोच, चोपड्याचा. मेलमधला तो परिच्छेद इथे देते.

"एप्रिल 2019. चोपडा तालुका, कांदेबाग केळी, 16 एमएमची इनलाइन नळी, ताशी 4 लिटरचे ड्रिपर. शेवटच्या ओळींतली झाडं पिवळी पडत होती. शेतकऱ्याचं म्हणणं होतं की नळीच खराब आहे, सगळी बदलून द्या. डीलरही तेच म्हणत होता, आणि तुम्हीही बदलीचा कागद करायला सांगितला होता. मी तुम्हाला फोन करून दोन दिवस मागितले. चार नळ्यांवर प्रत्येकी चार ठिकाणी, म्हणजे सुरुवात, मध्ये दोन आणि टोक, असं सोळा ड्रिपरखाली डबे ठेवून तीन मिनिटांचं पाणी मोजलं. पूर्ण चालणाऱ्या ड्रिपरने 200 मिली द्यायला हवं होतं. सोळांची सरासरी 170 आली. सगळ्यात कमी देणाऱ्या चौघांची सरासरी 105. म्हणजे पाण्याची समानता 105 भागिले 170, 62 टक्के. टोकाचा एक ड्रिपर कापून आतल्या पांढऱ्या थरावर ॲसिडचा थेंब टाकला तर फेस आला. बोअरच्या जड पाण्याचा क्षार होता, नळीचा दोष नव्हता. दुसऱ्या दिवशी ॲसिड ट्रीटमेंट दिली, रात्रभर ठेवलं, सकाळी एंडकॅप उघडून नळ्या धुतल्या. पुन्हा मोजलं तेव्हा सरासरी 190 आणि खालच्या चौघांची 165 आली. समानता 87 टक्के. नळी बदलावी लागली नाही. त्या सकाळी तुम्ही स्वतः आला होता आणि शेवटची मोजणी तुमच्यासमोर झाली."

या परिच्छेदात "मी कौशल्याने", "मी जिद्दीने" असं काही नाही, हे मुद्दाम आहे. विशेषण मी लिहिलं की सरांना ते वापरताना अडचण होते. वापरलं तर ते माझं विशेषण, नाही वापरलं तर मला डावलल्यासारखं. उलट 62 चे 87 झाले आणि त्या सकाळी ते तिथे उभे होते, एवढं समोर असलं की त्यांचं विशेषण त्यांचं त्यांना सुचतं. शेवटचं वाक्यही त्यासाठीच आहे. पत्र लिहिणाऱ्याने काय ऐकलं यापेक्षा काय पाहिलं, याला वाचणारे जास्त मान देतात. म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर काय घडलं आणि काय फक्त माझ्या सांगण्यावरून आहे, हे मेलमध्ये वेगळं दाखवलं पाहिजे.

कागद करायला त्यांनीच सांगितलं होतं हे लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. साहेबांचा अंदाज चुकला होता हे त्यांच्याच मेलमध्ये लिहायचं म्हणजे अवघडच. पण प्रसंगाचं मर्म तिथेच होतं. वरिष्ठाने एक सांगितलं असताना हाताखालच्या मुलीने मोजमापासाठी वेळ मागितला आणि त्यांनी तो दिला. वाक्य मी सरळ, आरोपाचा सूर न लावता ठेवलं. पत्रात घ्यायचं की नाही ते त्यांच्यावर सोडलं.

हे आकडे मला मिळाले ते माझ्या फील्ड डायरीत. कंपनीचे रिपोर्ट माझ्याकडे नाहीत आणि नसायलाच हवेत. शेतकऱ्याचं नाव, गाव, बदलीच्या तक्रारींची संख्या, नळीचा बॅच नंबर असलं काही मी मेलमध्ये घेतलं नाही. तो शेतकरी पहिल्या दिवशी "शेवटना झाडेसले पानीच भेटत नही, तुम्ही काय मोजतस?" म्हणून माझ्यावर चिडला होता, ते मला आजही शब्दशः आठवतं. पण त्याची ओळख परदेशातल्या फाईलमध्ये जायचं काही कारण नाही. मेलमध्ये एक ओळ टाकली: "सर, कंपनीच्या दृष्टीने यातलं काही बाहेर सांगण्यासारखं नसेल तर ते वगळा." कंपनी सोडलेला मॅनेजरही जुन्या गोपनीयतेच्या कराराने बांधलेला असू शकतो. तो निर्णय त्यालाच घेऊ द्यावा.

दुसरा प्रसंग छोटा होता. चोपड्यानंतर मी ॲसिड ट्रीटमेंटची मराठीत एक पानी माहिती केली होती. बादलीभर पाण्यात थोडं थोडं ॲसिड घालून पट्टीवर पीएच 4 च्या आसपास कधी येतो ते पाहायचं आणि त्या प्रमाणाने टाकीचा हिशोब करायचा, ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, एवढंच त्यात होतं. रावेर आणि यावलच्या सर्व्हिसच्या मुलांना ते पान सरांनीच वाटलं होतं. त्याचा फोटो जोडला. पहिल्या प्रसंगात मी एकटीने काय केलं ते होतं. यात दुसऱ्यांना त्याचा काय उपयोग झाला ते होतं.

सुधारणेच्या प्रश्नावर बहुतेक मॅनेजर काहीतरी गोड लिहून सुटका करून घेतात. "ती जरा जास्तच मेहनत करते" असं. समित्यांनी ते इतक्यांदा वाचलेलं असतं की त्या पुढच्या ओळीवर जातात. मी सरांना त्यांचंच बोलणं आठवून दिलं. 2019 च्या वार्षिक आढाव्यात त्यांनी मला सांगितलं होतं की माझे रिपोर्ट फार लांब असतात, डीलरला पहिल्या पानावर निष्कर्ष सापडत नाही. पुढच्या वर्षी मी निष्कर्ष वर आणि मोजणीचा तक्ता मागे असं करायला लागले. दोन्ही गोष्टी तारखेसह लिहिल्या. खरी उणीव, ती कोणी दाखवली आणि पुढे काय बदललं, हे पत्रात आलं की बाकीच्या कौतुकावरही विश्वास बसतो.

राहुरीच्या गाईड सरांचं पत्र कशावर असेल तेही एका ओळीत सांगितलं. "ते माझा अभ्यास, प्रोजेक्ट आणि आकडेमोडीबद्दल लिहिणार आहेत. तुमच्याकडून शेतातलं काम आणि माणसांशी वागणं आलं तर दोन्ही मिळून चित्र पूर्ण होईल." गाईड सरांनाही हेच उलट बाजूने कळवलं. हे न सांगितल्यास दोघेही "हुशार, प्रामाणिक, वक्तशीर" यावरच थांबतात आणि समितीला एकच पत्र दोनदा वाचल्यासारखं होतं.

लेटरहेडचा प्रश्न सरांनीच विचारला. कंपनीचं जुनं लेटरहेड त्यांना वापरता येत नव्हतं, कारण ते आता तिथे नाहीत. आणि कंपनीच्या वतीने काही म्हणायचा अधिकार त्यांना नाही. तोडगा सोपा आहे. आताच्या त्यांच्या सल्ला व्यवसायाच्या लेटरहेडवर लिहायचं आणि पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट सांगायचं की अमुक ते अमुक काळात मी तिथे विभागाचा मॅनेजर होतो, ही माझ्याकडे थेट रिपोर्ट करायची आणि हे मत माझं वैयक्तिक आहे. नोकरीचा पुरावा म्हणून कंपनीचं अनुभव प्रमाणपत्र अर्जात आहेच.

उरली लिंकची गोष्ट. या विद्यापीठात पत्र उमेदवाराने जोडायचं नव्हतं. मी पोर्टलवर सरांचा ईमेल भरला की त्यांना थेट लिंक जाणार होती. पोर्टलला जीमेलपेक्षा कामाचा पत्ता हवा होता, म्हणून त्यांच्या व्यवसायाचा पत्ता आधी विचारून घेतला. लिंक ज्या पत्त्यावरून येणार तो पत्ता आणि विषयाची ओळ मेलमध्ये लिहिली आणि स्पॅममध्ये पाहायला सांगितलं. मुदत 15 जानेवारीला मध्य युरोपीय वेळेने रात्री 11:59 ला संपत होती. आपल्याकडे तेव्हा 16 तारखेची पहाट, 4:29 झालेले असतात. हे गणित सरांवर टाकण्यात अर्थ नव्हता. मी फक्त लिहिलं, "सर, 10 जानेवारीपर्यंत झालं तर बरं. 3 तारखेला मी एकदा आठवण करीन." आठवण कधी येणार हे आधीच सांगितलं की तो तगादा वाटत नाही. छाटणीनंतरचे ते महिने त्यांच्यासाठी निफाड-दिंडोरीच्या फेऱ्यांचे असतात, त्यामुळे हे बोललेलं बरं झालं.

पत्र पाहण्याचा माझा हक्क मी फॉर्ममध्ये सोडला होता. उमेदवार वाचणार नाही हे माहीत असलं की लिहिणारा मोकळेपणाने लिहितो आणि समितीही त्यावर जास्त भरवसा ठेवते. म्हणून सरांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. पण मेल मिळाल्यावर त्यांचा फोन आला होता. म्हणाले, "बारा नाही, अकरा होतो. एक जण त्या उन्हाळ्यात नंदुरबारला गेला होता. आणि तू एक लिहिलंच नाहीस. पाऊस लागण्याआधी तू पुन्हा त्या शेतात जाऊन मोजलं होतंस, कोणी सांगितलं नसताना. ते मी घेतो." ते मी विसरूनच गेले होते. डायरी चाळली तर जूनच्या पानावर खरंच सोळा आकडे होते. त्यांना ते लगेच पाठवून दिले.

त्या अनुभवानंतर संस्थेतल्या एका सहकाऱ्याने मला त्याच्या मेलबद्दल विचारलं. त्याला शिक्षणासाठी नव्हे, पुण्यातल्या एका नोकरीसाठी जुन्या साहेबांचा रेफरन्स हवा होता. तिथे पत्र नसतं, नव्या कंपनीच्या एचआरचा फोन जातो. त्यामुळे मेल छोटा करायला सांगितला. फोन साधारण कोणत्या दिवसांत येईल, कोणत्या कंपनीकडून, नव्या कामाचं वर्णन, त्यातल्या कोणत्या दोन गोष्टींसाठी ते विचारतील, आपल्या हाताखालचा एक प्रसंग तीन ओळींत, आणि जुनी नोकरी सोडण्याचं जे कारण मुलाखतीत सांगितलं तेच. शेवटचं फार गरजेचं आहे. साहेब फोनवर गाडी चालवता चालवता बोलत असतात, त्यांना आठवायला वेळ मिळत नाही, आणि "का सोडली?" हा प्रश्न हमखास येतो.